थोरलीचं बागिन

माशी उडत नव्हती, चालत होती.

जयलक्ष्मी गवताजवळ उकिडवी बसली. नवरात्राची दुसरी माळ, त्यामुळे पाय अनवाणी, आणि पोटात सकाळचं वाटीभर दूध. मधपेटीच्या दारातून बाहेर आलेली ती माशी अगदी कोवळी होती. अंगावरची करडी लव अजून झडली नव्हती. गवताच्या पात्यावर चढायची, टोकाला जाऊन खाली पडायची, पुन्हा चढायची. पाठीवर पंखांच्या जागी चुरगळून टाकल्यासारख्या दोन चिंध्या. तिच्या मागं तशीच आणखी एक होती. त्या दोघींच्या मागं तिसरी.

"चैत्रा," ती हळू म्हणाली, "इकडे ये स्वल्प, जराशी."

सून चैत्राली स्कूटरवरून डबे उतरवत होती. लग्न होऊन साताऱ्याहून म्हैसूरला आली त्याला दोन वर्षं झाली होती. सासूनं पाळलेल्या माश्या पाहून तिनंही मधपालनाचं शिक्षण घेतलं, आणि तेव्हापासून दोघी आठवड्यातून दोनदा हूटगळ्ळीच्या नव्या घरातून वरुणाकडच्या या जुन्या नारळाच्या बागेत येत. ती आली, वाकली. माशी तळव्यावर घेऊन तिनं उलटी केली. पोटाच्या खालच्या बाजूला, दोन पट्ट्यांच्या फटीत, तपकिरी-लाल रंगाचं काहीतरी घट्ट बसलं होतं. मोहरीच्या दाण्यापेक्षा लहान, चपटं, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. खेकड्यासारखं.

"हे काय, गोचीड?" जयलक्ष्मीनं विचारलं.

"व्हरोआ, आई. गोचिडीच्याच जातीतला कोळी." चैत्रालीचा आवाज कोरडा झाला. "थोरली उघडायला हवी. आत्ताच."

थोरली म्हणजे फणसाखालची पेटी. बागेतल्या नऊ पेट्यांतली पहिली, जयलक्ष्मीनं स्वतः आणलेली. दर वर्षी सगळ्यांत जास्त माश्या तिच्यात असत, आणि तिचा पहिला मध देवीच्या पंचामृतात जाई. आज मात्र त्याच पेटीसमोरच्या गवतात तिच्या लेकी रांगत होत्या.

आवाज ऐकून शंभूराव बागेतल्या खोलीतून बाहेर आले. हे तिचे धाकटे दीर. बस चालवून निवृत्त झाले आणि बागेत राहायला आले. हातात धुराडं होतंच. त्यात नारळाच्या शेंड्या कोंबत ते म्हणाले, "काय झालं वहिनी? उपासाची माणसं इतक्या सकाळी गवतात काय शोधताय? दादानं अंगठी टाकली का?"

"भावोजी, थट्टा नको आज. धूर करा."

त्यांनी सुनेकडे पाहिलं, आणि मग त्यांचाही चेहरा बदलला.

*

झाकण काढलं तेव्हा गुणगुण नेहमीसारखी भरीव आली नाही. जयलक्ष्मीला ते कानानंच कळलं.

"आधी राणी शोधायची," चैत्राली म्हणाली. "ती चुकून तपासायच्या बरणीत गेली तर थोरली संपली."

तिनं एक चौकट उचलून उन्हाकडे तिरपी धरली. पोळ्यावर माश्या चिकटून फिरत होत्या. बहुतेक सगळ्या कामकरी: लहान, निमुळत्या, काहींच्या मागच्या पायांवर परागाच्या पिवळ्या गोळ्या. मधूनच एखादा नर, जाडजूड, बोथट शेपटाचा. त्याचे दोन डोळे इतके मोठे की डोक्यावर एकमेकांना भिडलेले. त्याला नांगी नसते, पराग आणायची टोपली नसते. जयलक्ष्मीचे यजमान पांडुरंगराव बागेत आले की फक्त नरालाच हात लावत. या घडीला ते घरी दसऱ्याच्या बाहुल्यांची मांडणी करत होते.

राणी दिसली नाही. दुसऱ्या चौकटीवर नाही, तिसरीवरही नाही.

"ढग येतोय," शंभूराव म्हणाले. "पिल्लांना गारठा लागेल. काय करायचं ते करा लवकर."

चैत्रालीनं चौथी चौकट नीट पाहिली, दोन्ही बाजूंनी, आणि एका परातीत झटकली. अर्धी वाटी माश्या तिनं काचेच्या बरणीत घेतल्या, वर जाळीचं झाकण लावलं. मग जाळीतून पिठीसाखर चाळली, म्हणजे किडीची पकड सुटते. अल्कोहोलमध्ये बुडवून मोजलं तर आकडा जास्त पक्का येतो, पण माश्या मरतात. सासूच्या नवरात्रात ती गोष्ट तिनं काढलीही नव्हती.

बरणी आडवी फिरू लागली. आतल्या माश्या पांढऱ्या होत गेल्या, पिठात लोळल्यासारख्या. गुणगुण वाढली.

आणि जयलक्ष्मीला त्या पांढऱ्या गर्दीत एक लांब, मोठं शरीर दिसलं.

"थांब."

चैत्रालीचा हात थांबला.

"आत मोठी आहे एक. खाली. त्या कोपऱ्यात."

"आई, मी बघितलं होतं."

"मीही बघतेय ना आता."

तिघं बरणीवर वाकली. साखरेनं सगळ्यांची अंगं सारखी झाली होती. ते मोठं शरीर इतरांच्या खाली दबलं, वर आलं, पुन्हा दबलं. राणी असली तर तिचे पंख पोटाच्या अर्ध्यावरच संपलेले दिसतील, पोट लांब, टोकाला निमुळतं. साखर श्वासाच्या भोकांत जाऊन ती गुदमरायला किती वेळ लागतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जयलक्ष्मीच्या ओठांवर देवीचं नाव आलं, आणि ती ते मोठ्यानं म्हणाली नाही.

शरीर काचेला लागलं. पंख पोटाच्या टोकापलीकडे गेलेले. दोन डोळे, वर भिडलेले.

"नर," चैत्राली म्हणाली, आणि तिनं श्वास सोडला.

"अय्यो," शंभूराव म्हणाले, "या लठ्ठानं माझा जीव घेतला असता. काम ना धाम, आणि ऐन परीक्षेला बरणीत जाऊन बसलाय."

राणी पाचव्या चौकटीवर होती. सावकाश चालत होती. भोवती कामकऱ्यांचं रिंगण तोंडं तिच्याकडे करून उभं. जयलक्ष्मीनं नकळत हात जोडले.

मग चैत्रालीनं बरणी पाण्याच्या पांढऱ्या ताटलीवर उलटी धरून हलवली. साखर पडली, विरघळली. पाण्यावर लाल ठिपके राहिले. काही पाय हलवत होते. चैत्राली सुरीच्या टोकानं एकेक बाजूला करत मोजू लागली आणि मध्येच तिनं मोजणं सोडलं.

"शंभर माश्यांमागे तीन असले तरी वेळ आली म्हणायची," ती म्हणाली. "हे त्याच्या कितीतरी पुढचं आहे. आणि बाहेर दिसतात त्या थोड्या. खरी आत आहेत."

साखरेच्या माश्या पेटीवर सोडल्या. त्यांच्या बहिणी लगेच त्यांना चाटायला आल्या.

*

आत म्हणजे पिल्लं वाढतात त्या मिटलेल्या घरांत.

पोळ्याच्या मधोमध कामकऱ्यांची घरं सपाट मेणानं मिटलेली होती. पण ती सलग नव्हती. बंदुकीच्या छऱ्यांनी भोकं पाडल्यासारखी मध्ये मध्ये रिकामी. काही झाकणं आत खचलेली, काही कुरतडलेली. खालच्या कडेला नरांची घरं, मोठी, फुगीर टोपणांची, हरभऱ्यांची रांग मांडल्यासारखी.

चैत्रालीनं टोपण उकलायचा काटा काढला.

"नको," जयलक्ष्मी म्हणाली.

"आई, बघितल्याशिवाय..."

"नऊ दिवस माझ्यासमोर जीव घ्यायचा नाही. तुला माहीत आहे. मी फूलसुद्धा झाडाचं तोडत नाही, पडलेलं वेचते."

"वहिनी," शंभूराव सौम्यपणे म्हणाले, "तुम्ही तिकडे तोंड करा. व्रत तुमचं, तिचं नाही."

जयलक्ष्मीनं तोंड वळवलं. मेण फाटल्याचा आवाज झाला, अगदी बारीक. शेवटी तिनंच वळून पाहिलं.

काट्यावर नराचे चार कोष होते. दुधासारखे पांढरे, पाय पोटाशी दुमडून झोपल्यासारखे, डोळे जांभळे. आणि पांढऱ्या पोटांवर लाल ठिपके, एकेकावर तीन-तीन, चार-चार. उजेड लागताच ते पळू लागले.

"घर मिटायच्या जरा आधी कोळ्याची आई आत शिरते," चैत्राली हळू आवाजात सांगू लागली. "अळीच्या खाली, तिच्यासाठीच्या खिरीत लपते. घर मिटलं की अंडी घालते. पहिल्यातून नर होतो, मग मुली. तो तिथंच बहिणींशी जुळतो आणि तिथंच मरतो. त्या माशीच्या अंगातली चरबी शोषतात सगळे मिळून. त्या चरबीवरच माशीची ताकद असते, रोगाशी झगडायची आणि जगायचीसुद्धा. वर चावताना विषाणू सोडतात, त्यानं पंख असे होतात. माश्यांतल्या नराला बाहेर यायला कामकरीपेक्षा तीन दिवस जास्त लागतात, म्हणून यांना नराचं घर जास्त आवडतं. तेवढ्यात एखादी मुलगी जास्त मोठी होते. माशी घराबाहेर पडली की या तिच्या अंगावर बसून बाहेर. आणि पुन्हा दुसरं घर."

"बाळंतिणीच्या खोलीतच," जयलक्ष्मी म्हणाली.

"हो."

"औषध आहे ना गं? ते आम्लाचं? तूच सांगितलं होतंस, पाकात घालून."

"ऑक्झॅलिक. ते बाहेरच्यांना मारतं. मेणाच्या झाकणाआड पोचत नाही." चैत्रालीनं काटा गवतात पुसला. "आपण बाकीच्या पेट्या तपासू. थोरलीपुरतंच असलं तर बरं."

*

दुपारपर्यंत नऊच्या नऊ पेट्या पाहून झाल्या. साखर संपली. शंभूरावांनी नारळ फोडून दिले, जयलक्ष्मीनं पाणी घेतलं, खोबरं घेतलं नाही.

तीन पेट्यांत ताटलीवर एखाद-दुसरा ठिपका पडला. त्यांना घाई नव्हती. पाच पेट्यांत मात्र ताटली लाल झाली.

चैत्राली खडूनं आजारी पेट्यांवर खूण करायला निघाली. पहिल्या पेटीपाशी ती थांबली. दुसरीपाशी गेली, तिथंही थांबली. मग खडू हातात तसाच ठेवून परत आली आणि बरण्या धुवायला लागली.

जयलक्ष्मीनं पाहिलं. खूण करायची गरजच नव्हती. त्या पाचही पेट्यांवर खूण होती. दाराच्या वर, वाळलेलं कुंकवाचं बोट. तिचंच.

भाद्रपदातल्या गौरीच्या सणाला म्हैसुरात बायका एकमेकींना बागिन देतात. सुपात बांगड्या, हळदकुंकू, डाळतांदूळ घालून वर दुसरं सूप झाकायचं. जयलक्ष्मी आईकडून आणि सासूकडून ते शिकली होती. पेट्या आल्यापासून तिनं आणखी एक बागिन सुरू केलं. सणाच्या दिवशी भरल्या थोरलीतून मिटलेल्या पिल्लांच्या चौकटी काढायच्या, त्यांवरच्या माश्या मऊ ब्रशनं एकेक करून थोरलीतच झाडायच्या, आणि त्या चौकटी अशक्त पेट्यांना द्यायच्या. काही दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि अशक्त पेटीला हात मिळतात. मधपालन करणारे सगळेच हे करतात. तिनं फक्त कुंकू लावलं होतं. या वर्षी पावसानं पाच पेट्या खचल्या होत्या. थोरली भरली होती. तिनं पाचांना दिलं.

माश्या झाडून दिल्या होत्या, म्हणून काही जाणार नाही असं तिला वाटलं होतं. जे गेलं ते झाकणाआड गेलं. थोरली जितकी भरलेली, तितकी पिल्लं जास्त, तितकी लाल आयांना घरं जास्त.

शंभूरावांनीही कुंकवाची बोटं पाहिली होती. त्यांनी धुराड्यात फुंकर मारली, जळत नव्हतं तरी.

"तू बोलली नाहीस," जयलक्ष्मी सुनेला म्हणाली.

"काय बोलायचं, आई?"

"मी वाटलं हे."

"मीच चौकटी धरल्या होत्या त्या दिवशी. मीही तपासलं नव्हतं." चैत्राली बरणी उलटी ठेवून उठली. "पण आता जे सांगते ते ऐका. सगळ्या मिटलेल्या चौकटी आज काढायच्या आणि खड्डा करून पुरायच्या. थोरलीच्या आणि या पाचांच्या. मग घरं नाहीत, सगळे कोळी बाहेर, आणि लगेच औषध. दुसरा रस्ता म्हणजे राणी पिंजऱ्यात ठेवायची, म्हणजे नवी अंडी थांबतात, आणि सगळी पिल्लं बाहेर येईपर्यंत थांबायचं. पण तीन आठवडे या पाच तग धरणार नाहीत. आजच त्यांच्याकडे माणूसबळ नाही."

"पुरायच्या," जयलक्ष्मी म्हणाली.

"हो."

"जिवंत."

"आई, ती पिल्लं आधीच अर्धी खाल्लेली आहेत."

"सगळी नाही. काही घरांत कोळी असतील, काहींत नसतील."

"दसऱ्यापर्यंत थांबलो तर रोज नवी निघतील. रोज, आई. आज गवतात तीन होत्या..."

"मला दिसतं गं," जयलक्ष्मी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही.

शंभूराव म्हणाले, "वहिनी, खड्डा मी करतो. देवीला काय सांगायचं ते माझ्या नावानं सांगा. मी तसाही तिच्या यादीत खाली आहे."

जयलक्ष्मी उत्तर देणार एवढ्यात पाचांतल्या विहिरीजवळच्या पेटीकडून वेगळाच आवाज आला. चिरका, तापलेला.

पेटीच्या दारावर माश्या तुटून पडल्या होत्या. सरळ आत शिरणाऱ्या नव्हेत, फटीफटींतून नाक खुपसणाऱ्या, हेलकावे खात येणाऱ्या. दारात दोघी-तिघी एकमेकींना मिठी मारून गडगडत होत्या.

"लूट," चैत्राली म्हणाली. "साखर सांडली आपली. तिला पहारेकरी कमी, ते यांना कळलं."

"कुठल्या येतायत?"

शंभूरावांनी मान वर करून पाहिलं. माश्यांची रेघ फणसाकडून येत होती.

थोरली आपल्याच लेकीला लुटत होती. आणि परत जाताना प्रत्येक चोरटी मधाबरोबर अंगावर आणखी काय घेऊन जात होती, ते तिघांनाही आता ठाऊक होतं.

"दार बारीक करा," जयलक्ष्मी धावली. अनवाणी पायाला नारळाची झावळ लागली, रक्त आलं, तिनं पाहिलं नाही. शंभूरावांनी गवताची जुडी दारात कोंबून एका माशीपुरतं भोक ठेवलं. चैत्रालीनं खोलीतली चादर विहिरीवर बुचकळून आणली, आणि दोघींनी ती अख्ख्या पेटीवर पांघरली. एक माशी जयलक्ष्मीच्या मनगटावर बसली आणि चावली. ती ओढून निघाली तेव्हा नांगी कातडीतच राहिली, आकडी लावल्यासारखी, मागे विषाची इवलीशी पिशवी अजून धपापत. माशी दोन हात उडाली आणि पडली. जयलक्ष्मीनं नखानं नांगी खरवडून काढली.

"गेला एक जीव," ती म्हणाली. "माझ्याच मनगटावर."

चादरीखालचा आवाज हळूहळू उतरला. ती ओल्या चादरीला हात लावून उभी राहिली.

मग म्हणाली, "चैत्रा, पुरायच्या ऐवजी त्या चौकटी कुठे ठेवल्या तर चालेल?"

"कुठेही ठेवल्या तरी कोळी बाहेर येणारच."

"एकाच ठिकाणी आले तर?"

चैत्राली चादरीवरून हात काढून तिच्याकडे वळली.

"मी थोरलीतून काढून यांना दिल्या," जयलक्ष्मी म्हणाली. "यांच्याकडून काढून तिला परत द्यायच्या. पाचांच्या सगळ्या मिटलेल्या चौकटी. तिच्याकडे अजून ऊब द्यायला माश्या आहेत. या पाच मोकळ्या झाल्या की यांना आज औषध. तिची राणी पिंजऱ्यात. सगळी तिथंच जन्मतील, जी धड आहेत ती आणि जी नाहीत तीही. शेवटी तिला औषध."

"असं करतात," चैत्राली सावकाश म्हणाली. "मी वाचलंय. पण एका पेटीत सगळे कोळी साठतील, आई. तोवर थोरली... तिचं मी काही सांगू शकत नाही."

"ती जाईल?"

"जाऊ शकते."

"आणि पुरलं तर तिची आशा जास्त."

"हो."

जयलक्ष्मीनं फणसाकडे पाहिलं. "साकु," ती म्हणाली. पुरे. "माहेर आहे ते. परत आलेल्याला दार लावायचं नाही तिथं."

*

संध्याकाळच्या आत पाचही पेट्यांतून मिटलेल्या चौकटी काढल्या. प्रत्येकीवरची शेवटची माशी जयलक्ष्मीनं ब्रशनं त्यांच्या त्यांच्या पेटीत झाडली, राणी कुठे जात नाही ना हे दोनदा पाहत. थोरलीवर आणखी दोन खोकी चढली. तिची राणी चैत्रालीनं पंखांना धरून जाळीच्या पिंजऱ्यात सोडली. फटी अशा की कामकऱ्यांना आत-बाहेर करता यावं, राणीला नाही. माश्या लगेच पिंजऱ्यावर चढल्या आणि तिला भरवू लागल्या.

पाच पेट्यांत फक्त उघडी घरं उरली: अंडी आणि लहान अळ्या. मिटायच्या बेतातल्या एखाद्या अळीखाली एखादी लाल आई राहिली असेलच, चैत्राली म्हणाली, तेवढी सोडावी लागते. हातमोजे घालून तिनं आम्लाचा पाक सिरिंजनं चौकटींमधल्या माश्यांवर थेंब थेंब सोडला. तळाला तेल लावलेले पांढरे पुठ्ठे सरकवले.

औषध तिनं सोडलं. जयलक्ष्मी पेट्यांपासून दूर, नारळाखाली उभी राहिली, पण या वेळी तिनं तोंड फिरवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाच पुठ्ठ्यांवर तांबडा चुरा सांडल्यासारखा दिसत होता.

थोरलीच्या समोरचं गवत मात्र रांगणाऱ्यांनी दिवसेंदिवस भरत गेलं. दसरा झाला. शहरातली रोषणाई उतरली, बाहुल्या पेटाऱ्यात गेल्या. आठवड्याला एकदा दोघी चौकटी तपासत, कुठे माश्यांनी नवं राणीघर बांधायला घेतलंय का ते बघत, आणि तळाचा पुठ्ठा काढत. प्रत्येक वेळी त्यावर जास्त लाल असे. रांगणाऱ्या माश्यांना जयलक्ष्मी पानावर घेऊन फणसाच्या बुंध्याशी ठेवी. मुंग्या येत. शंभूराव एकदाच म्हणाले, "वहिनी, तुम्ही मुंग्यांना बागिन देताय," आणि मग आपणच पानं आणून द्यायला लागले.

जुना मध संपला. तिच्या पंचामृतात चार वाट्या असत, पाचवी ती रिकामी मांडत असे. पांडुरंगरावांनी दुकानातला मध आणून ठेवला, तो तिनं पोळीबरोबर त्यांनाच वाढला.

दिवाळीच्या तोंडावर थोरलीतलं शेवटचं घर उघडलं. तीन खोक्यांतल्या माश्या आता चार चौकटींवर मावत होत्या. औषध झालं. राणीला पिंजऱ्यातून सोडली तेव्हा ती पोळ्यावर उतरली, एका रिकाम्या घरात डोकं घातलं, पुढे गेली, दुसऱ्यात घातलं. अंडं घातलं नाही.

"इतक्या थोड्या माश्यांत," चैत्राली म्हणाली, "घातलं तरी ऊब कोण देणार? या म्हाताऱ्या होत चालल्यात."

*

तुळशीचं लग्न झालं आणि दुसऱ्या दिवशी त्या बागेत गेल्या. विहिरीजवळची पेटी आता दाटून भरली होती. दारात पहारेकरी उभ्या होत्या. शंभूराव जवळून गेले तर दोघींनी त्यांच्या टोपीला टक्कर दिली.

"काल हीच आजारी होती ना?" ते म्हणाले. "आता माझ्याकडून तिकीट मागतेय."

थोरली उघडली. चैत्रालीनं मधली चौकट उन्हाकडे पाठ करून धरली, म्हणजे प्रकाश घरांच्या तळापर्यंत जाईल.

"आई, दिसतंय?"

जयलक्ष्मीनं चष्मा पुसला. घरांच्या तळाशी तांदळाच्या कणीहून बारीक पांढऱ्या काड्या होत्या. काही उभ्या, म्हणजे आजच्या. काही कललेल्या, कालच्या. प्रत्येक घरात एकच, बरोबर मधोमध. पण त्या ओलांडून पुढच्या घरांवर बसायला माश्या नव्हत्या. राणी अंडी घालत होती, आणि अर्ध्या अंड्यांवर कुणीच नव्हतं.

"हिला हात हवेत," चैत्राली म्हणाली.

बागिन हवं होतं. मिटलेल्या पिल्लांची चौकट, विहिरीजवळच्या पेटीतली. तिनं सासूकडे पाहिलंही नाही. गौरीच्या सणानंतर पहिल्यांदाच कुणी ते मनात आणत होतं.

जयलक्ष्मी विहिरीकडे गेली. त्या पेटीतून तिनं स्वतःच एक चौकट उचलली. मधोमध सपाट टोपणांचा सलग तपकिरी पट्टा, कुठे भोक नाही. खालच्या कडेला नरांची थोडी फुगीर घरं. ती झावळीवर बसली, चौकट मांडीवर घेऊन, आणि अंबाड्यातली पीन काढली.

"आई, द्या, मी करते," चैत्राली घाईनं म्हणाली.

"बेडा, नको."

"तुम्ही..."

"नवरात्र झालं. द्यायचं तर मीच बघून देणार." तिनं पीन टोपणाखाली घातली. "देवी, चूक माझी, हा जीवही माझ्याच माथी."

मेण उचकलं. पांढरा कोष, जांभळे डोळे. तिनं तो तळव्यावर घेऊन सावकाश फिरवला, पोट, पाठ, पायांच्या घड्या. मग पिनेनं घराच्या तळात पाहिलं. मग दुसरं टोपण. तिसरं. शंभूराव तिच्यासमोर उकिडवे बसले होते.

दहावा कोष तिनं उन्हात धरला. स्वच्छ पांढरा.

"मधलीही थोडी बघ," तिनं पीन सुनेकडे दिली. "माझे डोळे साखरेनंसुद्धा फसतात."

चैत्रालीनं कामकऱ्यांच्या घरांतली काही उकलली. एकेक करून तिनं मान हलवली. काही नाही. काही नाही.

जयलक्ष्मीनं उकललेले कोष पानावर ठेवून फणसाच्या बुंध्याशी नेले, तिथल्याच जागी. मग चौकटीवरच्या माश्या ब्रशनं झाडल्या, शेवटचीपर्यंत, आणि चौकट थोरलीच्या मधोमध, राणीच्या चौकटीला लागून उतरवली. आतून दोन-चार माश्या वर आल्या, नव्या झाकणांवर पाय ठेवून उभ्या राहिल्या, आणि तिथंच थांबल्या. अंग दाबून. ऊब द्यायला बसतात तशा.

तिनं कमरेची कुंकवाची डबी काढली. थोरलीच्या दारावर आजवर कधी बोट उठलं नव्हतं. ती नेहमी देणारी होती. जयलक्ष्मीनं कुंकू लावलं, आणि बोट साडीला पुसलं.

"डिसेंबरात पुन्हा साखर करायची," ती उठत म्हणाली. "सगळ्या नऊंची. भावोजी, पिठीसाखर तुम्ही आणा, आणि या वेळी सांडू नका."

"मी सांडली?" शंभूराव म्हणाले. "चैत्रा, ऐकलंस?"

चैत्राली ऐकत नव्हती. ती थोरलीच्या झाकणाला कान लावून बसली होती.